चावी कोणाच्या हातात

आमच्या हॉटेलात रिसेप्शनवर नवं माणूस आलं, की पहिला आठवडा मी त्याला फॉर्मला हात लावू देत नाही. हॉटेल व्यवस्थापनाच्या वर्गात चेक-इन ज्या क्रमाने शिकवतात तो सगळ्यांना ठाऊक असतो: गेस्ट येतो, फॉर्म भरतो, ओळखपत्र दाखवतो, त्याला खोली मिळते, चावी मिळते. मी उलट्या टोकाने सुरुवात करते. आधी चावी, मग खोली, मग ओळखपत्र आणि सगळ्यात शेवटी फॉर्म. फॉर्मवरचा प्रत्येक रकाना कशासाठी आहे, हे चावीच्या वेळी कळतं. चावी कळलेली नसेल तर फॉर्म म्हणजे नुसतं कागद भरणं होऊन बसतं.

आमचं हॉटेल त्र्यंबकेश्वरला आहे, चौतीस खोल्यांचं. इथे येणारा मोठा गेस्टवर्ग विधींसाठी येतो. नारायण नागबळी तीन दिवस चालतो, त्यामुळे कुटुंबच्या कुटुंबं मुक्कामाला असतात. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत इथल्या बहुतेक हॉटेलांनी नवी मुलं-मुली घ्यायला सुरुवात केली आहे. आमच्याकडे गेल्या पावसाळ्यात घोटीहून रोज एसटीने येणारी एक मुलगी लागली. बारावी झालेली, बोलायला नीट, आणि विचारायला न लाजणारी. तिला शिकवताना जे जे झालं, तेच इथे सांगते.

पहिल्या दिवशी तिच्या हातात दहा कोरी कार्डं दिली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका रिकाम्या खोलीचं कार्ड बनवायला सांगितलं. काउंटरवर एक छोटी पेटी असते, तिला एन्कोडर म्हणतात. तिच्यावर कार्ड ठेवायचं, संगणकावर खोलीचा नंबर आणि निघण्याची तारीख-वेळ टाकायची, बटण दाबायचं. दहा सेकंदांचं काम. ती वर गेली, कार्ड दाराला लावलं, हिरवा दिवा लागला, दार उघडलं. मग म्हटलं, आता त्याच खोलीचं दुसरं कार्ड बनव, नवराबायको दोघांना एकेक लागतं. तिने तसंच बटण दाबून दुसरं बनवलं. वर जाऊन लावलं, दार उघडलं. मग म्हटलं, आता पहिलं लाव. लाल दिवा. परत लावलं, परत लाल.

"मॅडम, हे खराब झालं?"

खराब झालेलं नव्हतं. आमच्यासारख्या बहुतेक छोट्या हॉटेलांत दारावरचं कुलूप आणि खालचा संगणक यांच्यात कुठलीही तार नसते. कुलुपात चार सेल असतात आणि एक लहानसं घड्याळ असतं. खाली काय चाललंय हे त्याला ठाऊक नसतं. कार्ड जे सांगेल तेवढंच त्याला कळतं. कार्डावर तीन गोष्टी असतात: खोली कोणती, कधीपर्यंत, आणि हे कार्ड कितव्या नव्या गेस्टचं. तिने दुसरं कार्ड 'नवा गेस्ट' म्हणून बनवलं. ते दाराला लागताच कुलुपाने ठरवलं की आधीचा गेस्ट गेला, आणि पहिलं कार्ड बाद केलं. दोन माणसांना दोन कार्डं द्यायची तर दुसऱ्या वेळी 'डुप्लिकेट'चं बटण दाबायचं असतं. दोन्ही बटणं पडद्यावर शेजारी शेजारी आहेत. गर्दीच्या वेळी बोट चुकीच्या बटणावर जातं, आणि चूक तेव्हा कळतच नाही. कळते रात्री साडेदहाला, जेवून आलेले आजोबा लाल दिव्यासमोर उभे राहतात तेव्हा.

यातली दुसरी बाजू जास्त नाजूक आहे. नवं कार्ड खाली बनवलं, एवढ्याने जुनं कार्ड मरत नाही. नवं कार्ड प्रत्यक्ष दाराला लागेपर्यंत, किंवा जुन्याची वेळ संपेपर्यंत, जुनं चालूच असतं. सकाळी दहाला निघून गेलेला गेस्ट कार्ड खिशात घेऊन गेला, आणि त्या कार्डावर उद्या दुपारची वेळ असली, तर नवा गेस्ट दार उघडेपर्यंत ती खोली त्याला उघडता येते. म्हणून निघताना कार्ड परत मागायचं, आणि कार्डावरची वेळ फॉर्मवरच्या वेळेपेक्षा एक मिनिटही पुढची टाकायची नाही. निघणार शनिवारी आणि कार्ड रविवारचं, असला उदारपणा कोणाच्याच कामाचा नाही.

लाल दिवा लागला की गेस्ट म्हणतो, "तुमचं कार्ड चालत नाही." मुलीला मी सांगितलं, आधी विचार, दिवा लागतो का? दिवाच लागत नसेल तर सेल संपलेत, देखभालीच्या माणसाला पाठव. लाल लागत असेल तर कार्डाचा प्रश्न आहे: वेळ संपली, खोली चुकली किंवा दुसऱ्या नव्या कार्डाने त्याला बाद केलं. सेल नुकतेच बदललेले असतील आणि चांगली कार्डंही नाकारली जात असतील, तर कुलुपाचं घड्याळ मागे पडलंय का ते बघ. या तीन प्रश्नांत बहुतेक तक्रारी जागच्या जागी सुटतात.

चावी देताना खोलीचा नंबर मोठ्याने बोलायचा नाही, हा नियम बऱ्याच जणांना नुसता शिष्टाचार वाटतो. लॉबीत दहा माणसं असतात. त्यांतली सात आपली गेस्ट असतात, तीन कोण असतात हे आपल्याला ठाऊक नसतं. एकट्याने आलेल्या बाईला "मॅडम, तुमची दोनशे सात, दुसऱ्या मजल्यावर उजवीकडे" असं ऐकवलं, की तिची झोपायची जागा आपण सगळ्या लॉबीला सांगितली. नंबर कार्डाच्या कागदी पाकिटावर आत लिहायचा, तिच्यासमोर धरायचा, बोट ठेवायचं, आणि फक्त म्हणायचं, "लिफ्टने वर, बाहेर आलात की उजवीकडे." कार्डावर नंबर कधीच लिहायचा नाही. हरवलेलं कार्ड ज्याला सापडेल त्याला दारही सापडू नये.

कार्ड हरवलं म्हणून कोणी काउंटरवर आलं, तर? "दोनशे चारचं कार्ड द्या" एवढ्यावर कार्ड द्यायचं नाही. नाव विचारायचं, ते फॉर्मवर आहे का ते बघायचं, चेहरा ओळखीचा नसेल तर ओळखपत्र मागायचं. "मी त्यांचा मेहुणा, ते पूजेला गेलेत, सामान ठेवायचंय." असेलही मेहुणा. पण फॉर्मवर त्याचं नाव नसेल तर आधी खोलीत फोन, नाहीतर गेस्टच्या मोबाइलवर. इथे पहिल्यांदा तिने विचारलं, "मग फॉर्मवर सगळ्यांची नावं हवीत?" मी म्हटलं, हवीतच. फॉर्मचं शिक्षण खरं तर इथूनच सुरू झालं.

दुसऱ्या आठवड्यात तिला खोल्यांकडे पाठवलं. सकाळी हाउसकीपिंगचे लोक प्रत्येक खोली बघून एक यादी देतात: रिकामी स्वच्छ, रिकामी अस्वच्छ, भरलेली, बंद. रिसेप्शनच्या संगणकातही हीच यादी असते. दोन्ही जुळायला हव्यात, आणि रोज कुठेतरी एखादी जुळत नाही. संगणक म्हणतो खोली भरलेली आहे, हाउसकीपिंग म्हणतं बिछाना हललेला नाही, सामान नाही. याला धंद्यात स्लीपर म्हणतात. गेस्ट गेलाय आणि आपण त्याला बाहेर काढायला विसरलोय. अशाने विकता येणारी खोली रिकामी राहते, नुकसान पैशाचं. उलटा फरक मात्र फार वाईट असतो: संगणक म्हणतो रिकामी, आणि आत माणूस आहे.

असं माझ्या हातून झालंय. पंधरा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरातल्या हॉटेलात मी सकाळच्या पाळीला होते. आदल्या रात्री एका खोलीतला एसी गळायला लागला म्हणून रात्रपाळीच्या मुलाने त्या जोडप्याला शेजारच्या खोलीत हलवलं. त्याने कार्ड बनवलं, सामान नेऊन दिलं, सगळं केलं. फक्त संगणकात खोली बदलल्याची नोंद केली नाही. कार्ड बनवायचं सॉफ्टवेअर वेगळं होतं आणि बुकिंगचं वेगळं, आणि दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. आजही कितीतरी छोट्या हॉटेलांत बोलत नाहीत. कुलुपाच्या दृष्टीने ती खोली भरलेली होती, माझ्या पडद्यावर ती रिकामी स्वच्छ होती. सकाळी सातला एक गृहस्थ आले, मी त्यांना तीच खोली दिली. त्यांनी कार्ड लावलं, दार उघडलं. आत एक बाई झोपलेल्या होत्या.

त्या किंचाळल्या, ते गृहस्थ घाबरून मागे आले, आणि तेवढ्यात त्यांचे यजमान चहा घेऊन खालून परतले. माझ्या नव्या कार्डाने त्यांचं कार्ड बाद झालेलं. स्वतःच्या बायकोच्या दारासमोर ते लाल दिव्यासमोर उभे आणि शेजारी एक परका माणूस. मी पाया पडायच्या बेताला आले होते. त्या बाईंनी मला दोष दिला नाही, नुसतं म्हणाल्या, "आतून कडी लावायला हवी होती." आजही ते वाक्य मला सहन होत नाही. कडी त्यांनी लावायची नव्हती. खोली मी तपासायची होती.

तेव्हापासून माझे तीन पक्के नियम आहेत आणि ते प्रत्येक नव्या माणसाला मी तोंडपाठ करायला लावते. खोली बदलली की आधी नोंद, मग कार्ड. कधीही उलट नाही. आपल्या पाळीत पहिल्यांदा विकली जाणारी प्रत्येक खोली देण्याआधी तिथे आतल्या फोनवर रिंग द्यायची. चार वेळा वाजून कोणी उचललं नाही तरच पुढे जायचं. आणि सामान घेऊन जाणाऱ्या बेलबॉयने, खोली रिकामी असल्याची शंभर टक्के खात्री असली तरी, दार वाजवून, हाक देऊन, थांबून मगच कार्ड लावायचं. गेस्ट म्हणतात, "रिकाम्या खोलीचं दार कशाला वाजवता?" त्यांना कारण सांगू नये. वाजवावं.

खोली देताना जागेचा विचारही असतो, पण तो मी थोडक्यात उरकते, कारण तो डोळ्यांनी शिकायचा असतो. म्हाताऱ्या माणसाला लिफ्टजवळची, पण लिफ्टला लागून नको, रात्रभर आवाज येतो. एका कुटुंबाच्या दोन खोल्या शेजारी किंवा समोरासमोर. कमोड कोणत्या खोल्यांत आहे, भारतीय बैठक कोणत्या खोल्यांत, हे पाठ असावं. यातलं बरंचसं आदल्या रात्री अरायव्हल लिस्ट समोर ठेवून ठरवता येतं. ठरवलेल्या खोलीला आम्ही ब्लॉक केली म्हणतो. गेस्ट समोर उभा असताना खोली शोधायला लागणं म्हणजे रात्रीचं काम सकाळी करणं.

तिसरा आठवडा ओळखपत्रांचा. इथे ती सगळ्यात जास्त अडखळली, कारण कोणाकडे ओळखपत्र मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं असं तिला वाटायचं. वडीलधारे गेस्ट खरंच दुखावतातही. मी तिला एकच वाक्य दिलं: "काका, खोलीत राहणाऱ्या सगळ्यांची ओळखपत्रं नोंदवायची आहेत, तुमचं आणि काकूंचं द्याल?" 'सगळ्यांची' हा शब्द महत्त्वाचा. एकट्यावर संशय नाही, हे त्यात येतं.

ओळखपत्र हातात घेऊन बघायचं असतं. फोटो आणि चेहरा, नाव आणि बुकिंगवरचं नाव, जन्मतारीख आणि समोरचं वय. आधारवरचा फोटो दहा-बारा वर्षांपूर्वीचा असू शकतो. केस आणि वजन बदलतं, कान आणि डोळ्यांमधलं अंतर बदलत नाही, हे एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने मला शिकवलं. पॅन कार्डावर पत्ता नसतो, म्हणून ते चेक-इनला चालत नाही; मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट, आधार चालतं. मोबाइलमधला आधारचा फोटो किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली प्रत हे ओळखपत्र नव्हे. फोटोतलं नाव बदलायला पाच मिनिटं पुरतात. डिजिलॉकर मात्र वेगळं. गेस्टने आपल्यासमोर अ‍ॅप उघडून दाखवलेला दस्तऐवज कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीचा आहे. स्क्रीनशॉट तसा नाही. शंका वाटली तर आधारवरचा क्यूआर कोड आधारच्याच अ‍ॅपने स्कॅन करायचा. छापील नाव आणि कोडमधलं नाव वेगळं आलं तर तिथेच थांबायचं आणि मला बोलवायचं.

आधारच्या झेरॉक्सबद्दल लोकांच्या मनात भीती आहे, आणि ती खोटी नाही. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने झेरॉक्स सरसकट देऊ नका, असं पत्रक काढलं होतं. त्यात हॉटेलांचा उल्लेख होता. त्याचा चुकीचा अर्थ काढला जाईल म्हणून दोनच दिवसांत केंद्र सरकारने ते मागे घेतलं. पण मूळ काळजी राहिलीच. मास्क केलेलं आधार, ज्यावर शेवटचे चारच अंक दिसतात, आम्ही आनंदाने घेतो. झेरॉक्स घेतली तर तिच्यावर तारीख आणि 'फक्त हॉटेल मुक्कामासाठी' असं लिहून ती कुलूपबंद कपाटात जाते. जुन्या एका हॉटेलात मी या झेरॉक्स पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात गेलेल्या पाहिल्यात, मागे भाजीचा हिशेब. आणि मूळ ओळखपत्र तारण म्हणून ठेवून घ्यायचं नाही, एका रात्रीसाठीही नाही. नोंद झाली की त्याच क्षणी त्याच हातात परत.

परदेशी नागरिक आला तर पासपोर्ट आणि व्हिसा बघून, त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. सगळे त्याला सी फॉर्म म्हणतात, आणि तो गेस्ट आल्यापासून चोवीस तासांच्या आत जायला हवा. इथे एक फसगत होते. अमेरिकेत राहणारा मुलगा आजीच्या श्राद्धाला येतो, अस्खलित मराठी बोलतो, घरच्यांबरोबर एकाच फॉर्मवर सही करतो. मराठी ऐकून रिसेप्शन विसरतं. पासपोर्ट अमेरिकेचा असेल तर तो नोंदीच्या दृष्टीने परदेशी आहे; भाषा आणि आडनाव ते ठरवत नाहीत.

आणखी एक गोष्ट मी मुद्दाम शिकवते. लग्न न झालेल्या दोन प्रौढ माणसांना एका खोलीत राहायला कोणताही कायदा मनाई करत नाही. २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हे स्पष्ट सांगितलं आहे. गावातल्या माणसाला खोली द्यायची नाही, हाही कायदा नाही, तो हॉटेलांनी स्वतः केलेला नियम आहे. काउंटरवर उभ्या राहिलेल्या मुलीने बघायचं एवढंच: दोघंही अठराच्या वर आहेत का, दोघांचंही खरं ओळखपत्र आहे का. बाकी चौकशी करायचा तिला अधिकार नाही.

चौथ्या आठवड्यात फॉर्म. एका गुरुवारी संध्याकाळी बेळगावहून एक कुटुंब आलं, आणि मी मागे खुर्ची घेऊन बसले. पहिल्यांदाच तिने पूर्ण चेक-इन एकटीने केलं.

यजमान, त्यांची बायको, आठ वर्षांचा मुलगा आणि यजमानांची आई. दोन खोल्या, फोनवर केलेलं बुकिंग, नारायण नागबळीसाठी. बुकिंगवर लिहिलं होतं 'तीन दिवस'. आदल्या रात्रीच तिने पहिल्या मजल्यावरच्या समोरासमोरच्या दोन खोल्या ब्लॉक केल्या होत्या, आजींसाठी कमोडची.

तिने फॉर्मवर नाव आणि फोन आधीच छापून ठेवला होता, बाकीचं मोकळं. कुठून आलात, पुढे कुठे जाणार, गाडीचा नंबर, सोबत कोण. मग निघायच्या रकान्याशी ती थांबली आणि तारीख तोंडाने म्हणाली, मी शिकवलं होतं तसं: "म्हणजे आज, उद्या आणि परवाची रात्र. रविवारी दुपारी बाराला खोली सोडायची."

यजमान म्हणाले, "नाही नाही. गुरुजी म्हणालेत, रविवारी दीड तरी वाजेल. मग जेवून निघणार."

'तीन दिवस' या शब्दांनी रिसेप्शनवर जितका गोंधळ होतो तितका क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल. गेस्ट दिवस मोजतो, आपण रात्री मोजतो. त्यांचे पूजेचे तीन दिवस शुक्रवार, शनिवार, रविवार. आमच्या तीन रात्री गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तारीख मोठ्याने न बोलता फॉर्मवर सही झाली असती, तर रविवारी बाराला ते विधीत असते, सामान खोलीत असतं, कार्डं बाद झालेली असती आणि दुपारच्या नव्या गेस्टला त्याच खोल्या दिलेल्या असत्या. तिने यादी बघितली. रविवारी समोरची खोली कोणासाठी ब्लॉक नव्हती, आजींची होती. ती म्हणाली, "एक खोली संध्याकाळी सहापर्यंत ठेवा, अर्ध्या दिवसाचं भाडं पडेल. दुसरी सकाळी पूजेला जाण्याआधी सोडा, सगळं सामान एकाच खोलीत ठेवू." त्यांनी मान्य केलं. हे तिने फॉर्मवर लिहिलं, भाडंही लिहिलं, आणि मग सही घेतली. भाडं आधी, सही नंतर. सहीचा अर्थ तोच आहे. (ऑनलाइन साइटवरून पैसे भरून आलेल्या गेस्टच्या फॉर्मवर मात्र आम्ही रक्कम लिहीत नाही, 'बुकिंगप्रमाणे' लिहितो, साइटने त्याच्याकडून घेतलेली रक्कम आणि आमच्या कागदावरची रक्कम वेगळी असते, आणि त्यावरून विनाकारण वाद होतो.)

ओळखपत्रांत दोन अडचणी आल्या. सूनबाईंनी पॅन कार्ड पुढे केलं. तिने सौम्यपणे सांगितलं, पत्ता असलेलं काही आहे का? त्यांनी मोबाइलवर डिजिलॉकर उघडलं. आजींचं आधार कन्नड आणि इंग्रजीत होतं, आणि इंग्रजीतलं आडनाव मुलाच्या आडनावापेक्षा एका अक्षराने वेगळं. ती माझ्याकडे वळून बघू लागली. मी काही बोलले नाही. तिने आजींकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, वय जुळवलं, पत्ता मुलाच्या पत्त्याशी ताडून पाहिला, आणि नाव ओळखपत्रावर जसं होतं तसंच फॉर्मवर उतरवलं. बरोबर केलं. आपल्याला योग्य वाटतं तसं नाव सुधारायचं नसतं.

मग तिने विचारलं, "आणखी कोणी येणार आहे?"

"धाकटा भाऊ. पुण्याहून येतोय, रात्री उशिरा पोचेल. तो आईबरोबर झोपेल."

तिने सोबतच्या रकान्यात धाकट्या भावाचं पूर्ण नाव आणि मोबाइल नंबर लिहिला, पुढे 'मागाहून येणार, ओळखपत्र बाकी'. मग कार्डं: एका खोलीची दोन, दुसरं डुप्लिकेटचं बटण दाबून, आणि वेळ रविवार संध्याकाळी सहा. आजींच्या खोलीचं एक, रविवार सकाळी नऊपर्यंत. दोन्ही खोल्यांत रिंग दिली. कोणी उचललं नाही. पाकिटं उघडून यजमानांसमोर धरली, बोट ठेवलं, नंबर उच्चारला नाही. आजींना म्हणाली, "आजी, आत शिरलात की कार्ड भिंतीवरच्या खाचेत ठेवा, त्याशिवाय दिवे लागणार नाहीत." शहरातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण अनेक आजी-आजोबा अंधारात बटणं शोधत बसलेले मी पाहिलेत. बेलबॉयने बॅगा उचलल्या.

घड्याळात साडेअकरा मिनिटं गेली होती. सात मिनिटांत व्हायला हवं. पण त्या दिवशी मी घड्याळाबद्दल काही बोलले नाही.

पाळी बदलताना तिने रात्रीच्या मुलाला फॉर्म दाखवला, धाकट्या भावाच्या नावावर बोट ठेवलं आणि दोनदा सांगितलं, "डुप्लिकेट. नवं नाही." शेवटची एसटी गाठायची म्हणून ती पळत निघाली आणि दारातून परत फिरून तिसऱ्यांदा सांगून गेली.

सकाळी ती आल्या आल्या रात्रीच्या वहीकडे गेली. अकरा चाळीसला नोंद होती: धाकटे भाऊ आले, वाहन परवाना पाहिला, नाव फॉर्मप्रमाणे, खोलीत फोन करून आईंना विचारलं, डुप्लिकेट कार्ड दिलं. ती वही मिटतच होती, तेवढ्यात आजी एकट्याच चहासाठी खाली आल्या. हातात त्यांचं कार्ड होतं. मुलगी काउंटरच्या मागून बाहेर आली आणि म्हणाली, "आजी, चहा घेऊन वर गेलात की दार उघडतंय का तेवढं बघा हं. नाही उघडलं तर मला हाक मारा." आजींनी चहा घेतला, लिफ्टने वर गेल्या. ती लिफ्टच्या दाराकडे बघत उभी राहिली, बराच वेळ. हाक आली नाही.